तीस सेकंदांची रेडिओ जाहिरात लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन गटांकडून येतात. एक गट दुकानदारांचा. ते पहिल्यांदाच एफएमवर जाहिरात द्यायला निघालेले असतात. दुसरा गट मास कम्युनिकेशनच्या विद्यार्थ्यांचा. त्यांना 'तीस सेकंदांची स्क्रिप्ट लिहून आणा' असा गृहपाठ मिळालेला असतो. दोघांच्याही अडचणी जवळपास सारख्याच असतात, म्हणून उत्तरं एकत्रच दिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: लेडीज टेलरच्या दुकानाची जाहिरात. दुकानाचं नाव मुद्दाम काढलं आहे. ते पाच अक्षरांचं आहे असं धरा.

१. तीस सेकंद म्हणजे नेमके किती शब्द?

शब्द मोजू नका, अक्षरं मोजा. 'आई, मी आले' हे तीन शब्द आहेत आणि 'सांगितल्याप्रमाणे वेळापत्रकानुसार' हे दोनच, पण म्हणून बघा, दुसऱ्याला दुपटीहून जास्त वेळ लागतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्दांची संख्या फसवते. इंग्रजी पुस्तकांत दिलेला पंचाहत्तर शब्दांचा हिशेब इथे लावला की स्क्रिप्ट हमखास लांबते.

माझा अंदाज असा आहे की मोकळेपणाने, धाप न लागता बोललेल्या मराठीत सेकंदाला साधारण सहा अक्षरं बसतात. जोडाक्षर एकच धरायचं. पुढे-मागे अर्धा सेकंद मोकळा सोडला, तर नुसत्या निवेदनाच्या जाहिरातीत १६५ ते १७० अक्षरं मावतात, म्हणजे साठ-पासष्ट शब्द. संवाद, आवाज आणि संगीत असेल तर १२० ते १४० अक्षरांतच थांबावं लागतं. मालकाला हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "एवढंच?" हो, एवढंच.

२. तीसच का? चौतीस सेकंदांची झाली तर काय बिघडतं?

रेडिओवरचा जाहिरातीचा वेळ बहुतेक ठिकाणी दहा सेकंदांच्या हिशेबाने विकला जातो. तीस सेकंद म्हणजे तीन एकक. चौतीस सेकंदांची जाहिरात पाठवली तर स्टेशन एकतर परत पाठवतं किंवा चाळीस सेकंदांचं बिल लावतं. ती दिवसातून आठ वेळा वाजणार असेल, तर चार सेकंदांच्या आळसाचे पैसे रोज आठदा मोजायचे.

मराठी माणसाच्या कानाला हे माप नवीन नाही. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. सरकारी रेडिओवर पैसे घेऊन माल विकण्याची ती सुरुवात होती. दोन गाण्यांच्या मधल्या छोट्या फटीत आपलं म्हणणं बसवायचं हे कसब तेव्हापासून चालत आलं आहे.

वीस आणि दहा सेकंदांच्या आवृत्तीबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. 'एकच संदेश ठेवा' असं सगळे सांगतात. पण आमच्याकडे सांगण्यासारख्या दहा गोष्टी आहेत!

टेलरच्या दुकानाच्या मालकांनी पाठवलेली यादी अशी होती: पंचवीस वर्षांचा अनुभव, अनुभवी कारागीर, आरी वर्क, पॅडेड आणि प्रिन्सेस कट ब्लाउज, शिवलेली नऊवारी, फॉल-पिको, एसी ट्रायल रूम, लग्नाच्या बस्त्यासाठी खास पॅकेज, पार्किंगची सोय आणि 'ग्राहकांचा संतोष हेच आमचं ध्येय'.

यातली एकही गोष्ट खोटी नाही. अडचण वेगळी आहे. ही यादी गावातल्या कुठल्याही लेडीज टेलरच्या नावावर खपून गेली असती. ऐकणारी बाई स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत असते, नाहीतर रिक्षात असते. दहा गोष्टी ऐकल्या तर तिला एकही आठवणार नाही, फक्त 'टेलरची काहीतरी जाहिरात होती' एवढं उरेल.

मग मालकांना उलटा प्रश्न विचारला: "काका, बायका तुमच्याकडे येतात तेव्हा आधीच्या टेलरबद्दल काय कुरकुर करतात?" त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "वेळेवर देत नाही. सोमवारी या, गुरुवारी या, करत बसतो." आणि तुम्ही? "मी पावतीवर तारीख लिहितो. त्या तारखेला ब्लाउज तयार नसला तर शिलाई घेत नाही."

ही गोष्ट यादीत नव्हतीच! रोजची सवय असल्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. संदेश सापडला तो असा: *इथे ब्लाउज दिलेल्या तारखेला मिळतो.* यादीतल्या दहाही गोष्टी दुकानाच्या बोर्डावर, पिशवीवर आणि पत्रिकेबरोबर वाटायच्या कागदावर गेल्या.

तुमचा संदेश एकच आहे का हे तपासायची सोपी रीत सांगतो. तो 'आणि' न वापरता एका वाक्यात सांगून बघा. 'आणि' आला की दोन जाहिराती झाल्या.

४. तयार स्क्रिप्ट कशी दिसते? पूर्ण दाखवाल का?

डावीकडे ती ओळ किंवा तो आवाज जिथे सुरू होतो तो सेकंद लिहायचा. कंसात आवाज आणि सूचना.

०:०० (सनई. पाहुण्यांचा गलबला.)

०:०२ मुलगी: आई, मुहूर्त अकराचा ना?

आई: हो गं.

मुलगी: आणि माझा ब्लाउज?

आई: टेलर म्हणाला, बाराला देतो.

०:०८ (सनई मध्येच तुटते. दीड सेकंद पूर्ण शांतता.)

०:०९.५ निवेदक: मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

०:१२ निवेदक: (दुकानाचं नाव)मध्ये माप दिलं, की पावतीवर तारीख मिळते. त्या तारखेला ब्लाउज तयार नसेल, तर शिलाई माफ.

०:२० (पावती फाडल्याचा आवाज.)

०:२१ मुलगी: आई, आपण तिथं का नाही गेलो?

०:२३ निवेदक: (दुकानाचं नाव), बस स्टँडसमोर.

०:२६ निवेदक: तारीख दिली म्हणजे दिली.

०:२८ (सनई पुन्हा, हळूहळू विरते. ०:२९.५ ला संपते.)

दोन्ही ठिकाणची पाच-पाच अक्षरांची नावं धरून बोलायची अक्षरं १२० होतात, म्हणजे वीस सेकंद बोलणं. उरलेल्या साडेनऊ सेकंदांत सनई, शांतता, पावती आणि बोलणाऱ्यांमधले श्वास. हा साडेनऊ सेकंदांचा वाटा बघून मालक अस्वस्थ झाले होते. "रिकाम्या जागेत आरी वर्क बसेल की!" बसेल, पण मग ती दीड सेकंदाची शांतता जाईल. रेडिओवर शांतता फार विरळ असते. अचानक आवाज बंद झाला की माणूस कान टवकारतो, रेडिओ बंद पडला का असं वाटून. नेमक्या त्या क्षणी निवेदक पहिलं वाक्य बोलतो.

आणखी एक गोष्ट पाहा. अडचण पहिल्या आठ सेकंदांतच कळते, आणि ती कुणी 'सांगत' नाही. 'तुम्हालाही टेलरच्या दिरंगाईचा त्रास होतो का?' असं विचारणारी सुरुवात करू नका. प्रश्न विचारला की ऐकणारी मनात 'नाही' म्हणून मोकळी होते.

५. दुकानाचं नाव किती वेळा यायला हवं?

वरच्या स्क्रिप्टमध्ये दोनदा आहे आणि तेवढं पुरतं. 'कमीत कमी पाच वेळा' हा आग्रह मी बऱ्याचदा ऐकला आहे. नावाला काही काम दिलेलं नसेल, तर पाच वेळा घेऊनही ते लक्षात राहत नाही. इथे पहिल्यांदा नाव येतं ते अडचणीवरचा उपाय म्हणून आणि दुसऱ्यांदा पत्त्यासोबत, शेवटच्या ओळीच्या अगदी शेजारी. नाव ऐकताना चुकण्याजोगं असेल, जोडाक्षरांचं असेल किंवा इंग्रजी असेल, तर तिसऱ्यांदा घ्या आणि त्यासाठी दुसरं काहीतरी कापा.

६. शेवटची ओळ लक्षात राहणारी कशी करायची?

सगळ्यात जास्त हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर.

या जाहिरातीसाठी आधी लिहिलेल्या आणि टाकून दिलेल्या काही ओळी बघा. *विश्वासाचं दुसरं नाव.* ही बँकेलाही चालते, तुपालाही आणि पाण्याच्या टाकीलाही. *परंपरा जुनी, फॅशन नवी.* ठीक आहे, पण जाहिरात वेळेबद्दल आहे आणि ओळ फॅशनबद्दल. शेवटच्या दोन सेकंदांत विषय बदलला की आधीचे अठ्ठावीस सेकंद वाया गेले. *वेळेवर ब्लाउज, चेहऱ्यावर हसू.* विषय बरोबर आहे, पण असं बोलतं कोण? ही ओळ फक्त जाहिरातीतच राहू शकते. *ब्लाउज वेळेत, सासू प्रेमात.* यमक जुळलं म्हणून सुचलेली ओळ. हसू येतं, पण सासूचा इथे काही संबंध नाही. शिवाय हसू यमकाला आलेलं असतं, तारखेच्या गोष्टीला नाही.

आणि *तारीख दिली म्हणजे दिली* का राहिली? कारण तिचा साचा लोकांच्या कानात आधीपासून आहे. 'शब्द दिला म्हणजे दिला', 'बोललो म्हणजे बोललो', 'नाही म्हणजे नाही' असं आपण भांडतानाही म्हणतो. त्या साच्यात फक्त 'शब्द' काढून 'तारीख' ठेवली. ऐकणाऱ्याला नवीन ओळ पाठ करावी लागत नाही, जुन्या ओळीत एक शब्द बदलावा लागतो. आणि तो बदललेला शब्दच नेमका संदेश आहे. शिवाय 'तारीख देणे' हे टेलरच्या दुकानातलं रोजचं बोलणं आहे, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मराठीत असे साचे भरपूर आहेत: म्हणी, वाक्प्रचार, भाजीवालीशी घासाघीस करतानाची वाक्यं, आज्यांचे टोमणे. कागद घेऊन आधी संदेशातला मुख्य शब्द लिहा (इथे 'तारीख') आणि तो घालून रोजच्या बोलण्यातली दहा वाक्यं बनवा. त्यातली नऊ फेकण्यासारखी असतील. म्हणीत शब्द घालताना मात्र सांभाळा. मूळ म्हण जर कुरकुरीची किंवा अपयशाची असेल, तर तो वास दुकानाला चिकटतो.

ओळ तयार झाली की दोन परीक्षा घ्या. पहिली, दुकानाच्या जागी शेजारच्या धंद्याचं नाव घालून बघा. चपलांच्या दुकानाला 'तारीख दिली म्हणजे दिली' निरर्थक आहे, म्हणून ओळ पास. दुसरी, ओळ कुणालातरी एकदाच ऐकवा, मग दुसऱ्याच विषयावर गप्पा मारा आणि दहा मिनिटांनी विचारा. शब्दशः आठवली नाही, पण 'ते तारखेचं काहीतरी' असं उत्तर आलं, तरी ओळ ठीक आहे. 'छान होती हो, सनई होती ना त्यात?' असं उत्तर आलं तर पुन्हा लिहायला बसा.

लांबी दोन सेकंदांच्या आत. या ओळीत दहा अक्षरं आहेत, त्यापेक्षा फार पुढे जाऊ नका. आणि ओळीनंतर काहीही बोलायचं नाही. पत्ता, फोन, अटी, सगळं तिच्या आधी.

७. घरी वाचली तेव्हा अठ्ठावीस सेकंद भरले, स्टुडिओत चौतीस. असं कसं?

बहुतेक वेळा तीन कारणं असतात. पहिलं, तुम्ही मनात वाचलं. मनातली गती तोंडाच्या गतीपेक्षा बरीच जास्त असते. उभं राहून, मोठ्याने, समोरच्याला सांगतोय अशा आवाजात वाचा आणि मोबाइलवर वेळ लावा. दुसरं, तुम्ही फक्त शब्द मोजले. 'दाराची बेल' हे कागदावर दोन शब्द असतात. ती वाजायला एक सेकंद लागतो आणि ती कळायला पुढचा अर्धा.

तिसरं कारण आकड्यांचं. ₹२,४९९ कागदावर इवलंसं दिसतं. मोठ्याने म्हणा: 'दोन हजार चारशे नव्याण्णव रुपये'. पंधरा अक्षरं, म्हणजे अडीच सेकंद. म्हणून स्क्रिप्टमध्ये आकडे नेहमी अक्षरांत लिहायचे. त्यामुळे वेळ खरा मोजला जातो आणि निवेदकही अडखळत नाही.

लांबलेली जाहिरात एडिटिंगमध्ये दाबून बसवता येते, पण थोडीच. दीड-दोन सेकंद दाबले तर कुणाच्या लक्षात येत नाही. त्यापुढे श्वास कापले जातात, 'म्हणजे'चं 'म्हंजे' होतं आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी घाई जाणवते. चार सेकंद जास्त असतील तर एक वाक्य काढा. कुठलं, ते प्रश्न ३ मधल्या कसोटीने ठरवा.

८. फोन नंबर, पूर्ण पत्ता, दुकानाची वेळ हे सगळं घालायचं का?

दहा आकडी मोबाइल नंबर नीट म्हणायला चार सेकंद लागतात. म्हणजे तीस सेकंदांतला आठवा हिस्सा जातो आणि गाडी चालवणारा तो लिहून घेऊ शकत नाही. धंदा फोनवरच चालत असेल (प्लंबर, टॅक्सी, टिफिन) तर नंबर घ्या, पण मग तोच जाहिरातीचा मोठा भाग समजून दोनदा घ्या. दुकान असेल तर 'बस स्टँडसमोर' पुरतं. गावात कुणी सर्व्हे नंबर विचारत येत नाही.

९. भाषा प्रमाण ठेवायची की गावची?

निवेदकाची भाषा स्वच्छ, बोलती मराठी ठेवा. छापील नको. 'आपणास विनंती करण्यात येते' असं रेडिओवर ऐकलं की ग्रामपंचायतीची दवंडी वाटते. पात्रांची भाषा जाहिरात जिथे वाजणार तिथली असली तर उत्तम, पण बोली येणाऱ्या माणसाकडूनच बोलून घ्या. पुण्याच्या स्टुडिओत बसून केलेली खोटी वऱ्हाडी नागपूरकर पहिल्या शब्दाला ओळखतात. आणि बोलीचा उपयोग पात्राला अडाणी दाखवण्यासाठी होत असेल, तर नकोच.

आई आणि मुलीच्या संवादात 'हो गं' आहे. ते दोन अक्षरांचं उत्तर नातं सांगून जातं. त्याजागी 'होय बाळा' केलं की लगेच मालिकेतली आई बोलायला लागते.

१०. मूळ जाहिरात हिंदीत आहे. तीच मराठीत करून हवी आहे. भाषांतर चालेल?

कथानक चालतं, वाक्यं चालत नाहीत. सगळ्यात आधी मोडते ती शेवटची ओळ. मूळ ओळ ज्या हिंदी बोलण्याच्या साच्यावर उभी असते तो साचा मराठीत नसतो, आणि शब्दशः आणली की 'आता होणार धमाल' छापाचं काहीतरी हाती येतं. संदेश एका वाक्यात मराठीत लिहून घ्या, मूळ स्क्रिप्ट बाजूला ठेवा आणि प्रश्न ६ प्रमाणे ओळ नव्याने शोधा. टीव्हीच्या डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीला अक्षरं जुळवावी लागतात. तिथेही कंपनीकडे एक मागणी जरूर करा: शेवटची ओळ पडद्याबाहेरच्या आवाजात असू द्या, म्हणजे निदान ती तरी मोकळेपणाने लिहिता येईल.

११. 'महाराष्ट्रात नंबर वन', 'सर्वात स्वस्त' असं म्हणता येतं का?

पुरावा असेल तर. जाहिरात उद्योगाची स्वतःची नियामक संस्था, अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, १९८५ पासून आहे आणि दाव्याला आधार मागणं हा तिच्या नियमावलीचा गाभा आहे. त्याशिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. औषधाने अमुक आजार बरा होतो अशा जाहिरातींसाठी १९५४ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात ठरावीक आजारांची यादीच दिलेली आहे. तसं काही काम आलं तर लिहायच्या आधी वकिलाला दाखवा.

कायदा बाजूला ठेवला तरी 'नंबर वन' हा शब्द झिजून गुळगुळीत झाला आहे. 'तारखेला नाही दिलं तर शिलाई माफ' यात एकही विशेषण नाही. ऐकणारा तपासून बघू शकतो असा तो दावा आहे, म्हणूनच तो जड पडतो.

१२. 'अटी लागू' शेवटी भरभर म्हणून टाकलं तर चालतं ना?

ऐकू येणार नाही अशी अट घालणं म्हणजे न घालण्यासारखंच. मुख्य दाव्याच्या उलट जाणारी अट तर मुळीच चालत नाही. 'शिलाई माफ' म्हणायचं आणि खाली 'फक्त साध्या ब्लाउजवर' असं पुटपुटायचं, हे होणार नाही. अट महत्त्वाची असेल तर दावाच लहान करा: 'साधा ब्लाउज तारखेला नाही मिळाला, तर शिलाई माफ.'

काही धंद्यांत इशारा सक्तीचा असतो आणि त्यालाही वेळ द्यावा लागतो. म्युच्युअल फंडाच्या इशाऱ्याचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलं आहे. एकेकाळी तो वाऱ्याच्या वेगाने म्हटला जायचा. नंतर सेबीने स्पष्ट केलं की चौदा शब्दांच्या त्या इशाऱ्याला किमान पाच सेकंद दिले तर तो समजण्याजोगा मानता येईल. म्हणजे फंडाची जाहिरात लिहिणाऱ्याकडे तीस नाही, पंचवीसच सेकंद असतात. बांधकाम प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो आणि तो लांबलचक असतो. अशा कामांत सक्तीचा मजकूर सगळ्यात आधी कागदावर लिहा, त्याची वेळ मोजा आणि उरलेल्या सेकंदांत जाहिरात लिहा. उलट केलं की शेवटची ओळ कापली जाते, दरवेळी.

१३. तीसची वीस किंवा दहा सेकंदांची करायची असेल तर काय कापायचं?

कापू नका, पुन्हा लिहा. वीसच्या आवृत्तीत कापाकापी अजून जमते: मुलीचं 'आपण तिथं का नाही गेलो' आणि पावतीचा आवाज काढायचा, 'पावतीवर तारीख मिळते' हा तुकडाही काढायचा, शांतता एका सेकंदावर आणायची आणि सुरुवातीची-शेवटची सनई आवळायची. दहाची मात्र नवीनच लागते:

(सनई. एक सेकंद.)

मुलगी: मुहूर्त अकराचा, ब्लाउज बाराला!

निवेदक: (दुकानाचं नाव), बस स्टँडसमोर. तारखेला नाही, तर शिलाई माफ. तारीख दिली म्हणजे दिली.

अठ्ठेचाळीस अक्षरं, आठ सेकंद. ही एकटी वाजली तर अर्धवट वाटेल. तीस सेकंदांची दोन आठवडे वाजून गेल्यावर ही लावली तर ऐकणारी उरलेली गोष्ट स्वतःच्या मनात भरते. म्हणून क्रम आधी मोठी, मग छोटी. पैसे वाचवायला थेट छोटीपासून सुरुवात करणारे बरेच भेटतात.

१४. गाजलेल्या मराठी गाण्याची चाल घेऊन त्यावर आमचे शब्द बसवले तर?

हक्कधारकांच्या परवानगीशिवाय नाही. स्टेशनकडे गाणी वाजवायचा परवाना असतो. तो तुमच्या जाहिरातीला लागू होत नाही. 'फक्त दहा सेकंद वापरलं तर चालतं' हाही गैरसमज आहे. आमच्या उदाहरणातली सनई एका वादकाकडून अर्ध्या तासात वाजवून घेतली आणि तसं लिहून घेतलं. काम स्वस्तात झालं आणि नेमकी हवी तिथे ती तुटली.

चालीचा आणखी एक धोका आहे. लोक गाणं गुणगुणतात, दुकान विसरतात.

१५. विनोद केला तर जाहिरात हमखास चालते का?

तीच जाहिरात ऐकणाऱ्याच्या कानावर महिन्यात पंचवीसदा पडू शकते. तिसऱ्या वेळेनंतर कुणी हसत नाही. त्यामुळे सगळी मदार शेवटच्या धक्क्यावर असेल, तर चौथ्या वेळी हातात काही उरत नाही. 'बाराला देतो' हा विनोद आठव्या सेकंदाला संपतो. पुढचे बावीस सेकंद विनोदाशिवाय उभे आहेत, म्हणून ती जास्त वेळा ऐकवते. इस्पितळ, विमा, श्रद्धांजली सभा अशा ठिकाणी विनोद करायचा की नाही हे वेगळं सांगायला नको.

१६. एकाच संदेशाच्या नियमाला अपवाद आहेत का?

दिसायला आहेत. प्रदर्शन, सेल, नाटकाचा प्रयोग यांच्या जाहिरातीत काय, कुठे आणि कधी, हे तिन्ही सांगावंच लागतं. पण तिथे 'शनिवार-रविवार, अमुक मैदानावर' हाच संदेश असतो आणि शेवटची ओळही त्या दिवसावरच हवी. नोकरभरतीची जाहिरातही तशीच. निवडणुकीच्या जाहिरातीत उमेदवाराला पाणी, रस्ते, शाळा सगळंच हवं असतं. तिथे हा वाद जिंकणं अवघड आहे. शिवाय रेडिओवर लावण्याआधी निवडणूक यंत्रणेच्या समितीकडून ती प्रमाणित करून घ्यावी लागते, तेवढे दिवस हातात ठेवा.

१७. स्क्रिप्ट चांगली झाली, पण मालक ऐन वेळी मागे हटले. असं का होतं?

आमच्या टेलरकाकांनी रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी फोन केला. "शिलाई माफ हे जरा काढता का?" त्यांनी हिशेब केला होता. दिवसाला पंधरा ब्लाउज निघतात, तुळशीच्या लग्नानंतर गर्दी दुप्पट होणार, जाहिरातीने आणखी वाढणार. तारखा चुकल्या तर घरातून पैसे जातील.

ते वाक्य काढलं असतं तर जाहिरातीत उरलं काय असतं? 'आम्ही वेळेवर देतो.' तेवढं तर प्रत्येक टेलर म्हणतो. मग दुकानात बसून दुसरा मार्ग काढला. पावतीवर तारीख लिहिणाऱ्या मुलीपुढे एक वही ठेवली. एका तारखेच्या पानावर पंधरा नावं झाली की पुढचं पान. गर्दीत तारीख लांबची पडेल, पण पडलेली तारीख पाळली जाईल. स्क्रिप्टमध्ये 'लवकर' असं कुठेही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे एक अक्षरही बदलावं लागलं नाही. काका म्हणाले, "मग ठीक आहे. पण सनई जरा मोठी ठेवा."

सनई दोन सेकंदांचीच ठेवली.